अमावास्येची तारीख

अजेय सरांना नाही म्हणायचं तर आधी त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घ्यावं लागतं, आणि ते काही लवकर पुरतं होत नाही. त्या दिवशीही तेच चाललं होतं. बंदरावरच्या आमच्या पत्र्याच्या ऑफिसात ते खुर्चीत बसले होते, होड्यांचे सुतार तुळशीरामकाका दाराशी उभे होते आणि डागडुजीच्या, फेऱ्यांच्या तारखा सांभाळणारी मी माझ्या टेबलामागे. सर सांगत होते की मालक, म्हणजे शेठनी सगळ्यांना कळवून टाकलंय, बुकिंग उघडलंय, त्यामुळे 'गोदावरी' दोन-चार दिवसांत पाण्यात दिसली पाहिजे.

'गोदावरी' ही आमची सगळ्यात मोठी लाँच. आमची कंपनी बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँचा सोडते. पावसाळ्यात फेऱ्या बंद ठेवून लाँचा काठावर चढवायच्या, डागडुजी करायची आणि गणपतीला मुंबईची माणसं घराकडे निघायच्या आत पुन्हा पाण्यात घालायच्या, असं वर्षानुवर्षं चालत आलंय. दोन लहान लाँचा नारळी पौर्णिमेला उतरल्या होत्या. गोदावरी तेवढी राहिली, कारण काकांनी तळाची एक फळी खरवडली आणि तिच्या शेजारच्या दोनही कुजलेल्या निघाल्या. सागवान चिरून यायला उशीर झाला. पौर्णिमा हातची गेली, त्याला आता दोन दिवस झाले होते.

सर वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुमचं मत भलतंच व्हायचं. ते उन्हाळ्यात आमच्याकडे मॅनेजर म्हणून आले, त्याआधी कंपनीचं काशीदचं हॉटेल सांभाळायचे. तिथे म्हणे एका रात्रीत वीस खोल्या रंगवून पाहुण्यांना दिल्या होत्या. ते आम्हाला ही गोष्ट महिन्यातून एकदा तरी सांगत. लाँच ही त्यांच्या लेखी मोठी खोली होती, फक्त खाली समुद्र असलेली.

त्यांचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "सर, अमावास्येच्या आत नाही जमायचं."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग समजूतदार माणसं हसतात तसे हसले. म्हणाले, मी चार दिवस म्हणतोय, तुम्ही दोन आठवडे म्हणताय, भांडायचं कशाला, मधली तारीख धरू या. गोकुळाष्टमी. दिवसही चांगला आहे.

तुळशीरामकाकांनी मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागले. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. अख्ख्या पंधरवड्यातला एक दिवस असा असतो की ज्या दिवशी काठावरची होडी देव आला तरी हलत नाही. सरांनी नेमका तोच निवडला होता, आणि तोही आमच्यावर उपकार म्हणून.

काम तसंही अष्टमीपर्यंत उरकणार नव्हतं. फळ्या बसायच्या होत्या, फटींत कापूस ठासायचा होता, त्यावर लुकण, मग रंग. पण काम बाजूला ठेवा. दिवसरात्र माणसं लावून उरकलं असतं तरी लाँच नेणार कशी? पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण येतं, पाणी पार वर चढतं, तेव्हा होडी ओंडक्यांवरून सरकवली की तरंगते. अष्टमीला भांग असतो. भरती येते, पण अर्ध्या वाटेवरून परत जाते. सरांना भरती-ओहोटीचं वेळापत्रक तोंडपाठ होतं, लाँच कधी सोडायची ते त्यावरूनच ठरतं. पण दिवसातून दोनदा भरती येते म्हणजे रोजची भरती सारखीच, असं त्यांनी धरलं होतं. हॉटेलातल्या माणसाला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं, त्यात त्यांचा दोष नाही.

उद्या दुपारी काठावर या, मग तारीख ठरवू, एवढंच मी म्हटलं. उद्याचा दिवस मागून घेण्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते मी सरांना सांगू शकत नव्हते.

माझा नवरा निकेत हा सारंग आहे. म्हणजे लाँच चालवणारा मुख्य माणूस. गोदावरी त्याच्याच हातात होती. दोन वर्षांपूर्वी जास्त पगारासाठी तो शारजाच्या बाजूला एका बार्जवर गेला. जाताना म्हणाला, चार-सहा महिने. मग म्हणाला दिवाळीला येतो. मग म्हणाला चैत्रात जत्रेला नक्की. मी दर वेळी त्या तारखेला धरून घर आवरायचे, त्याला आवडतो म्हणून सुक्या बोंबलांचा साठा करायचे, आणि दर वेळी तारीख यायची नि एकटीच निघून जायची. तो खोटं बोलायचा नाही. त्याला यायचंच असायचं, आणि यायचंच आहे म्हणून तो तारीख द्यायचा. मला त्याचा राग यायचा आणि त्याच्याशिवाय गमायचं पण नाही. संध्याकाळी धक्क्यावर लाँच लागली की सारंगाच्या खिडकीकडे मी अजून बघायचे. तिथे दुसरंच कुणी असायचं.

या वर्षी मात्र योग होता. गोदावरीवर निकेतनंतर आलेला सारंग उन्हाळ्यात काम सोडून गेला होता, जागा रिकामी होती. निकेतचं म्हणणं होतं, जागा मिळत असेल तर मी इकडचं सोडतो. पण तिथे महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि बदली माणूस आल्याशिवाय सोडत नाहीत. आज नोटीस दिली तर तो भादव्याच्या पौर्णिमेच्या आसपास पोचला असता. आणि आमच्या बंदरावर एक रीत आहे, ती कंपनीही मोडत नाही. जो सारंग होडी काठावरून पाण्यात उतरवतो, हंगामभर ती त्याचीच. अध्येमध्ये सुकाण बदलत नाहीत, अपशकुन मानतात.

म्हणजे गोदावरी अमावास्येला उतरली तर ती दुसऱ्या कुणाची झाली. भादव्याच्या पौर्णिमेला उतरली तर निकेतची.

रात्री सासूबाईंना भाकरी वाढताना मी हे बोलून गेले. कमळ माझ्या सासूचं नाव. ती जेवताना कमीच बोलते. सगळं ऐकून तिने विचारलं, पुनवेपर्यंत होडी काठावर ठेवायला काय कारण सांगशील? मी म्हटलं, कारणांना काय तोटा, लाकूड ओलं आहे म्हणेन, काकाही माझ्या शब्दाबाहेर नाहीत. तिलाही लेक हवाच होता. हात धुताना एवढंच म्हणाली, "मंग बग बाय, तुजं तूच ठरव."

मला त्या रात्री तिचा फार राग आला. ती ठेव म्हणाली असती तर मी ठेवली असती, आणि पाप निम्मं तिच्या माथी मारलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर बूट चिखलात घालून आले. भरती होऊन गेली होती. मी त्यांना गोदावरीच्या कण्याजवळ नेलं आणि जमिनीवर पडलेली काड्या, थर्माकोल आणि नारळाच्या सोडणांची रेघ दाखवली. पौर्णिमेचं पाणी तिथवर चढलं होतं. मग आम्ही उताराने खाली चालत गेलो, आजची ओली रेघ बघायला. ती चांगलीच खाली होती.

"रोज अशी खाली खाली जाणार," मी म्हटलं. "अष्टमीला सगळ्यात खाली. मग पुन्हा चढायला लागणार."

सर बराच वेळ दोन रेघांच्या मध्ये उभे राहिले. मग त्यांनी क्रेन लावता येईल का विचारलं. मी म्हटलं, क्रेन या चिखलात आली तर आधी क्रेन काढायला दुसरी क्रेन बोलवावी लागेल. आणि एवढ्या लांबीची लाकडी लाँच हवेत उचलली तर आत्ता बसवलेल्या फळ्या उघडतील. ते हसले नाहीत. शेठना काय सांगू, म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मॅनेजरसारखा वाटला नाही. शेठनी त्यांना इथे पाठवताना सांगितलं होतं, तुला जमलं नाही तर काशीदला परत यायची गरज नाही. हे त्यांनी मला त्या चिखलात उभं राहून सांगितलं.

मी विचारलं, शेठना खरं काय पाहिजे? अष्टमी पाहिजे की गणपतीची गर्दी पाहिजे?

गर्दी, ते म्हणाले.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. अष्टमीला लाँच उतरणार नाही, पण त्या दिवशी फळ्या बसवून झालेल्या असतील, त्याचे फोटो शेठना पाठवा, काम चालू आहे हे दिसेल. अष्टमी ते अमावास्या कापूस, लुकण आणि रंग. रंगाच्या आधी सरकारी सर्व्हेअर सुका तळ बघून जाईल, त्याची वेळ आजच मागायला हवी, कारण गणपतीआधी त्याच्याकडे रांग असते. अमावास्येला दुपारची भरती मोठी, तेव्हा लाँच पाण्यात. उतरल्यावर एक-दोन दिवस ती थोडं पाणी घेणारच, लाकूड फुगून फटी मिटेपर्यंत पंप चालू ठेवायचा. मग इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत लावायचा, ते काठावर करून उपयोग नसतो, पाण्यात होडीचा आकार किंचित बदलतो. मग सर्व्हेअरसमोर फेरी, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी उतारू. त्याच्या आधीच्या दोन दिवसांचं बुकिंग लहान लाँचांवर फिरवायचं, जादा फेऱ्या लावायच्या, आणि मावत नाहीत तेवढ्यांचे पैसे आताच परत करायचे.

"आणि हुकलं तर?"

"पाऊस-वारा फार झाला तर अमावास्येनंतरचे दोन दिवसही पाणी मोठं असतं. तेवढी सवड आहे, उतारू मात्र तेवढेच उशिरा. तेही हुकलं तर मी तुम्हाला त्याच दिवशी सांगेन, आदल्या रात्रीपर्यंत झाकून ठेवणार नाही."

सर ऐकत होते. मला बरं वाटलं, कारण मनापासून ऐकणारा माणूस कुठलाही असो, आवडतोच. आणि मग त्यांनी ते केलं ज्याची मला भीती होती. ते म्हणाले, "जागृती, मला आता घाई करायची नाहीये. तुम्हाला यातलं कळतं, मला नाही. अमावास्या घाईची वाटत असेल तर पौर्णिमा सांगा. मी शेठशी भांडेन. तुम्ही म्हणाल ती तारीख."

मी काय मागत होते आणि काय समोर आलं. पौर्णिमा, त्यांच्याच तोंडून, ताटात वाढून. मला फक्त मान हलवायची होती. लाकूड ओलं आहे, एवढं म्हणायलाही लागलं नसतं.

मी गोदावरीकडे बघितलं. काका तळाखाली पाठीवर झोपून फळीला ठोके देत होते. मला निकेत दिसत होता, सुकाणापाशी, बाही कोपरापर्यंत सारलेली, मुंबईकडून येताना बंदर दिसलं की मुद्दाम एक जास्तीचा भोंगा वाजवणारा. तो भोंगा माझ्यासाठी असायचा आणि अख्ख्या बंदराला ते माहीत होतं. मला तो परत हवा होता.

पण गणपतीत दोन लहान लाँचांवर तीन लाँचांची माणसं चढली असती. तिकिटं बंद केली तरी माणसं चढतात, आरास डोक्यावर घेऊन, पोरं काखेला मारून, आणि त्यांना खाली उतरवायची कुणाची छाती होत नाही. ते मी दर वर्षी धक्क्यावर उभी राहून बघते. भादव्याच्या त्या समुद्रात मी माझ्या नवऱ्यासाठी त्यांना भाराने कललेल्या लाँचवर बसवणार होते का? आणि सर माझ्या शब्दावर शेठशी भांडणार होते. खोट्या शब्दावर.

"अमावास्या," मी म्हटलं. "पौर्णिमेची गरज नाही."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला, मॅनेजर विचारतो तसा. सारंग कोण? अमावास्येला हजर असेल असाच माणूस सांगा.

"विनेश," मी म्हटलं. विनेश आमच्याच गावचा, निकेतच्या हाताखाली शिकलेला, परवाना असलेला, चांगला पोरगा. त्याचं नाव सांगताना माझा आवाज बदलला असणार, कारण काकांचे ठोके थांबले. सरांना काही कळलं नाही. त्यांनी तिथूनच शेठना फोन लावला आणि चिखलातून येरझारा घालत बराच वेळ बोलत राहिले. मध्ये दोनदा शेठचा आवाज मलाही ऐकू आला. शेवटी सर परत आले तेव्हा घामाघूम होते. अमावास्या मंजूर झाली होती, म्हणाले, पण त्यापुढे एक दिवसही नाही. त्यापुढचे दोन दिवस समुद्राचे आहेत, शेठचे नाहीत, असं मी म्हटलं, तेव्हा ते पहिल्यांदा खरंखुरं हसले.

संध्याकाळी मी निकेतला फोन केला. लपवण्यात अर्थ नव्हता, बंदरावरची बातमी शारजाला माझ्या आधी पोचते. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. अष्टमीचं ऐकून हसलासुद्धा. मग विनेशचं नाव ऐकलं.

"पुनव मिळत होती तुला?"

"मिळत होती."

"आनि तू न्हाय बोललीस."

"व्हय."

त्याने फोन ठेवला. पुढे बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. मी केला तर बाजूच्या कुणीतरी उचलायचं, तो कामावर आहे म्हणायचं. सासूबाई काही विचारायची नाही. फक्त फोन वाजला की तिचा हात थांबायचा.

त्या दिवसांत मी कामात डोकं घातलं. अष्टमीला फळ्या बसल्या, सरांनी स्वतः फोटो काढले, त्यातल्या निम्म्यांत त्यांचाच अंगठा आला होता. कापूस ठासायला माणसं कमी पडली तेव्हा त्यांनी काशीदहून हॉटेलची दोन माणसं आणली आणि काकांनी त्यांना दिवसभर फक्त कापूस पिंजायला बसवलं. सर्व्हेअर एक दिवस उशिरा आला, तरी रंग वेळेत झाला. अमावास्येला सकाळपासून झड लागली होती. दुपारी पाणी चढत चढत कण्याला लागलं, मग पोटाला, आणि काकांनी आडवा ओंडका काढायला सांगितला. अर्धं गाव दोर धरून उभं होतं. सरही बूट काढून दोराला लागले होते. गोदावरी एकदा कुरकुरली, थोडी सरकली, आणि मग एकदम हलकी झाली. विनेशने सुकाण धरलं. लोकांनी नारळ वाहिला. मी आनंदात होते आणि मला कुणाशी बोलायचं नव्हतं.

ती दोन दिवस पाणी प्यायली आणि मग थांबली. दांडा लागला, फेरी झाली, कागदावर सही झाली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाऊच्या धक्क्याहून ती पहिल्यांदा भरून आली. आमच्या धक्क्यावर माणसांना उतरायला जागा नव्हती, एवढी माणसं घ्यायला आली होती. बायका नवऱ्यांना नाव घेऊन हाका मारत होत्या. आपापली माणसं सापडली की गर्दीतून बाहेर काढत होत्या. विनेशने बंदरात शिरताना एकच भोंगा वाजवला, नियमाप्रमाणे. मी तिकीटखिडकीपाशी उभी होते. सर माझ्या शेजारी होते. पुढच्या महिन्याच्या तारखा तुमच्याकडूनच घेणार, असं काहीतरी म्हणाले, आणि मी हो म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. निकेत.

मी ऑफिसच्या मागच्या बाजूला गेले. तिथे आवाज जरा कमी होता. त्याने आधी गोदावरीबद्दल विचारलं. पाणी घेते का, वळताना डावीकडे ओढते का. मी सांगितलं, घेत नाही, ओढत नाही. मग विनेश कसा चालवतो विचारलं. चांगला चालवतो, मी म्हटलं. त्याच्या मागे कुठेतरी लोखंडावर काहीतरी आपटत होतं.

"मी आसतो तरी हेच केलं आसतं," तो म्हणाला. "मी रागवलेलो ते तुज्यावर न्हाय."

मी म्हटलं, माहीत आहे. मला माहीत नव्हतं, पण म्हटलं.

"दिवालीला येतो मी, जागे. यंदा पक्कं."

आधीच्या दिवाळ्या मला आठवल्या. सारवलेलं अंगण, काढून ठेवलेली नवी चादर, आणि मग आठवडाभर कुणाशीच न बोलणं. धक्क्यावर कुणीतरी कुणाला तरी बाबा म्हणून हाक मारत होतं. मला दिवाळी हवी होती. हो म्हणायला काहीच लागलं नसतं, दर वेळी म्हणतच होते.

"दिवाळी नको सांगूस," मी म्हटलं. "तुझं कॉन्ट्रॅक्ट तोपर्यंत संपत नाही, आणि इकडे जागा नसताना तू ते मोडणार नाहीस. यायचंय ती तारीख नको, जमेल ती सांग. लांबची असली तरी चालेल."

तो पुटपुटत महिने मोजू लागला.

"शिमगा," तो म्हणाला. "होलीच्या आदी संपतंय माजं. त्याच्या आदी खरंच न्हाय जमत."

"चालेल," मी म्हटलं. "शिमगा चालेल."

फोन ठेवला आणि पत्र्याला पाठ लावून मी पोटभर रडले. पलीकडे लोक अजून गोदावरीवरून उतरतच होते.